तारा मंदावला नाही, तेही लिहून ठेव

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

परीक्षेमुळे तुला माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला येता आले नाही आणि तिथे मी काय बोललो, ते तू फोनवर विचारलेस. समोर पालक आणि पाहुणेही बसलेले असल्यामुळे स्वयंसेवकांना सांगायचे ते मी थोडक्यात आटोपले. ते आता तुला सविस्तर लिहून कळवतो. माझ्या बोलण्याचा विषय एकच होता, तो म्हणजे ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा आणि तो पाहण्याची रीत. तारांगणातून जाताना पुढच्या मुलांच्या हाती काय द्यावे, याचा मी बराच विचार केला, आणि दुर्बिणीशिवाय, खर्चाशिवाय, गोव्याच्या आकाशातून एखाद्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी शोध लावल्याचा अनुभव देणारी याहून चांगली गोष्ट मला सुचली नाही.

आपल्या घुमटाखाली आपण सूर्यास्तापासून पहाटेपर्यंतची रात्र काही मिनिटांत फिरवून दाखवतो. लोक थक्क होतात, मुले ओरडतात, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र त्या आकाशात अल्गोल कधी मंदावत नाही. प्रक्षेपकाने त्याला एक ठरावीक तेज दिलेले आहे आणि तो प्रत्येक खेळात तेवढ्याच तेजाने उगवतो. बाहेरच्या आकाशातला खरा अल्गोल दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी विझू लागल्यासारखा मंद होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. उतरणे आणि चढणे मिळून हा सगळा प्रकार सुमारे 10 तासांचा असतो, म्हणजे एकाच रात्रीत त्याचा मोठा भाग जागेवर बसून पाहता येतो. आकाशातले बहुतेक बदल महिन्यांनी किंवा वर्षांनी जाणवतात. हा बदल जेवणानंतर गच्चीवर गेलेल्या माणसाला झोपण्यापूर्वी कळू शकतो.

आधी तो कुठे आहे ते सांगतो. कृत्तिकांचा पुंजका तुला ठाऊक आहे आणि उत्तरेकडची शर्मिष्ठाही ठाऊक आहे. कृत्तिकांकडून शर्मिष्ठेकडे जाताना साधारण निम्म्या वाटेवर अल्गोल येतो. दुसरी खूण अशी, की महाश्वाच्या चौकोनाच्या कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची जी रांग निघते, तिच्या टोकाशी आल्माक, म्हणजे गॅमा देवयानी आहे. आल्माक, ययातीतला सर्वांत तेजस्वी तारा मिरफाक आणि अल्गोल यांचा एक मोठा त्रिकोण होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अल्गोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच चढतो. आपल्या अक्षांशावरून तेव्हा तो उत्तरेकडे, क्षितिजापासून सुमारे 65 अंशांवर असतो. मे महिन्याच्या सुरुवातीस सूर्य आकाशाच्या त्याच भागात असल्याने तो दिसतच नाही, आणि त्यानंतर आपला पावसाळा सुरू होतो. त्यामुळे जे महिने आपल्याला ढगांमुळे गमवावे लागतात, त्यांपैकी पहिले काही तर या ताऱ्याच्या बाबतीत एरवीही गेलेलेच असतात. दिवाळीनंतर आकाश मोकळे होते आणि तेव्हाच अल्गोल संध्याकाळी ईशान्येला वर येत असतो. निरीक्षणाला तेव्हा आरंभ करावा.

आता मोजण्याविषयी. ताऱ्याच्या तेजाला आपण प्रत म्हणतो आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे तू घुमटाखाली अनेकदा सांगितलेले आहेस. अल्गोल एरवी 2.1 प्रतीचा असतो आणि पूर्ण मंदावला की 3.4 प्रतीपर्यंत उतरतो. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ असा, की त्याचे तेज एक तृतीयांशाहूनही खाली येते. हा फरक ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, कारण आसपास स्थिर तेजाचे तारे मांडून ठेवलेले आहेत. आल्माक 2.1 प्रतीचा, एप्सिलॉन ययाती 2.9, डेल्टा ययाती 3.0 आणि त्रिकोण तारकासमूहातला अल्फा 3.4 प्रतीचा. एवढे चार तारे पुरेत. अल्गोलपेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तारे निवडायचे, आणि अल्गोल त्या दोहोंच्या मधे नेमका कुठे बसतो, हे ठरवायचे.

समज, एका रात्री तुला अल्गोल आल्माकपेक्षा स्पष्टपणे मंद दिसला आणि एप्सिलॉनपेक्षा जेमतेम उजळ दिसला. आल्माक ते अल्गोल हे अंतर तुला तीन भागांचे वाटले आणि अल्गोल ते एप्सिलॉन एका भागाचे. दोन ताऱ्यांमधला फरक 0.8 प्रतीचा आहे, त्याचे चार भाग केले की प्रत्येक भाग 0.2 चा होतो, आणि 2.1 मध्ये 0.6 मिळवून 2.7 हे उत्तर येते. वहीत मात्र 2.7 हा आकडा आधी लिहायचा नाही. आधी लिहायचे ते "आल्माक 3, अल्गोल 1, एप्सिलॉन", कारण डोळ्यांनी पाहिले ते एवढेच. आकडा हा नंतरचा हिशेब आहे आणि तो सकाळी, चहा घेऊन झाल्यावर करता येतो. उद्या एखाद्या तुलनेच्या ताऱ्याची प्रत सुधारली, तर मूळ नोंदीवरून हिशेब पुन्हा मांडता येईल. नुसता आकडा लिहिला असेल, तर त्याच्या मागे परत जाण्याची वाट उरत नाही. सरावाच्या डोळ्यालाही एका दशांश प्रतीपेक्षा बारीक अंदाज सहसा करता येत नाही, आणि या कामाला त्याहून बारीक अंदाजाची गरजही नाही.

ज्या मुलाने या ताऱ्याचे वेळापत्रक पहिल्यांदा नीट मांडले, त्याच्याजवळही एवढीच साधने होती. जॉन गुडरिक हे त्याचे नाव. इंग्लंडमधील यॉर्क शहरात राहणारा, लहानपणापासून ऐकू न येणारा हा मुलगा 12 नोव्हेंबर 1782 च्या रात्री अल्गोल पाहत होता, तेव्हा त्याचे वय 18 वर्षांचे होते. अल्गोल कधीकधी मंद दिसतो, हे इटलीतील मोंतानारी यांनी शतकभरापूर्वी नोंदले होते, पण तो केव्हा आणि किती वेळाने मंद होतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या रात्री गुडरिकला तो मंद दिसला आणि त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इतक्या झपाट्याने बदलणारा तारा त्याने कधी ऐकलेला नव्हता. हा दृष्टिभ्रम तर नसेल, आपल्या डोळ्यांत दोष तर नसेल, की हवाच खराब आहे, असे प्रश्न त्याने आपल्या टिपणात लिहून ठेवले आहेत. मला ही नोंद फार मोलाची वाटते. आश्चर्य वाटल्याच्या त्याच क्षणी तो आश्चर्याची तपासणी करू लागला आणि त्यामुळे त्याचे आश्चर्य कमी झाले नाही. शेजारी राहणारा त्याचा मित्र एडवर्ड पिगट हाही आकाशनिरीक्षक होता. दोघेही त्या ताऱ्यावर लक्ष ठेवून राहिले. पुढची मंदावण्याची घटना त्यांना सापडली ती थेट डिसेंबरच्या अखेरीस. मधल्या रात्रींत कधी ढग होते, कधी अल्गोल नुसताच तेजस्वी होता. 1783 च्या मे महिन्यात त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि त्याच वर्षी त्याला कोप्ली पदक मिळाले.

आता मी ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, त्या मुद्द्याकडे येतो. तारा मंदावलेला पाहणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्याचा आवर्तकाल शोधताना तारा मंदावला नाही अशा रात्रींचा उपयोग कसा होतो, हे आपल्या स्वयंसेवकांना मला कागदावर करून दाखवायचे होते आणि समारंभात तेवढा वेळ नव्हता. म्हणून एक काल्पनिक, पण ताऱ्याच्या खऱ्या चालीप्रमाणे मांडलेले उदाहरण तुला देतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली एक रात्र धर. साडेआठला अल्गोल आल्माकपेक्षा थोडा उतरलेला, साधारण 2.4 वाटला. 9 वाजून 40 मिनिटांनी तो 2.7 झाला. साडेदहाला एप्सिलॉन आणि डेल्टा दोघेही त्याच्यापेक्षा उजळ झाले. साडेअकराच्या सुमारास तो त्रिकोणाच्या अल्फाबरोबरचा, म्हणजे 3.4 झाला. मग तो चढू लागला आणि दीड वाजता पुन्हा 2.7 वर आला. नेमका सर्वांत मंद क्षण कोणता, हे त्या क्षणाकडे पाहून नीट ठरवता येत नाही, कारण तळाशी त्याचे तेज हळू बदलते आणि अर्धा तास तरी तो सारखाच वाटतो. म्हणून उतरताना आणि चढताना ज्या वेळी तो एकाच तेजाचा होता, त्या दोन वेळा घ्यायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. 9.40 आणि 1.30 यांचा मध्य 11.35 येतो. तळाची वेळ अशी दोन्ही उतारांवरून मिळते, आणि म्हणूनच तळ पाहून झाला की घरी निघून जाणाऱ्या निरीक्षकाची रात्र अपुरी राहते.

पुढे 20 दिवस जातात आणि आणखी एका रात्री तुला तो मंदावताना सापडतो. याच रीतीने त्या वेळचा तळ मध्यरात्रीनंतर 1 वाजून 18 मिनिटांनी येतो. दोन तळांमधले अंतर 20 दिवस 1 तास 43 मिनिटे झाले. या मधल्या काळात तारा किती वेळा मंदावला असेल? फक्त एवढ्या माहितीवरून ते सांगता येत नाही. सहा आवर्तने झाली असतील, तर प्रत्येक 3 दिवस 8 तास 17 मिनिटांचे होईल. सात झाली असतील, तर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांचे. आठ झाली असतील, तर 2 दिवस 12 तास 13 मिनिटांचे. तिन्ही उत्तरे तुझ्या दोन्ही निरीक्षणांशी अगदी काटेकोर जुळतात. तारा मंदावलेल्या या दोनच रात्री तू कितीही निगुतीने मोजल्यास, तरी त्या तिन्हींपैकी एकाची निवड तुला करता येणार नाही.

इथे वहीची मधली पाने उघडायची. आवर्तने सहा असतील, तर त्यांतले तिसरे पहिल्या रात्रीनंतर दहाव्या रात्री साडेबाराच्या आसपास यायला हवे. तू त्या रात्री गच्चीवर गेली होतीस का? गेली असशील आणि "रात्री 12.15, अल्गोल आल्माकच्या बरोबरीचा, बदल नाही" असे एक ओळीचे टिपण असेल, तर सहाचे उत्तर तिथेच संपले. आवर्तने आठ असतील, तर दुसरे पाचव्या रात्री बाराच्या ठोक्याला यायला हवे. त्या रात्रीही तारा पूर्ण तेजस्वी असल्याची नोंद असेल, तर आठही गेले. ज्या रात्री तुला वाटले होते की उगाच जागलो, त्याच रात्रींनी खोटी उत्तरे बाद केली. त्या लिहिल्या नसत्या, तर त्या झाल्या काय आणि न झाल्या काय, सारखेच झाले असते. "बदल नाही" हे टिपण लिहायचा कंटाळा सगळ्यांना येतो; आमच्याकडच्या वह्यांत मंदावल्याच्या नोंदी ठळक आणि मधली पाने कोरी, असे चित्र मी वारंवार पाहिले आहे. म्हणून त्या संध्याकाळी मी मुलांना सांगितले, की अल्गोलची वही तपासताना मी आधी ही एक ओळीची टिपणे मोजेन.

सात हे उत्तर एकदा पक्के झाले, की आणखी एक फायदा पदरात पडतो. डोळ्यांनी काढलेला तळ दहा-पंधरा मिनिटांनी चुकू शकतो. लागोपाठच्या दोन तळांवरून आवर्तकाल काढलास, तर ती सगळी चूक त्यात उतरते. सात आवर्तनांच्या अंतरात एकूण 14 मिनिटांची चूक असेल, तर ती सातांत वाटली जाऊन प्रत्येकी दोन मिनिटांचीच राहते. हंगामाच्या सुरुवातीचा तळ आणि फेब्रुवारीतला तळ घेतलास, तर ती काही सेकंदांपर्यंत खाली येते. घड्याळ तेच, डोळे तेच, फक्त वाट पाहणे लांबले. गुडरिकने पहिल्यांदा 2 दिवस 20 तास 45 मिनिटे सांगितली आणि पुढे निरीक्षणे वाढवून स्वतःच ती 49 मिनिटांवर आणली.

आवर्तकाल तीन दिवसांपेक्षा 3 तास 11 मिनिटांनी कमी असल्यामुळे दर तिसऱ्या रात्री तळ तितका अलीकडे सरकतो. आज तो 11.35 ला आला, तर तीन दिवसांनी तो रात्री 8.24 ला येईल आणि त्याच्या पुढच्या खेपेला संध्याकाळी सव्वापाचला, म्हणजे उजेडातच. अशा एका ओघात दोन किंवा तीन तळ हाती लागतात आणि मग दोन आठवडे मंदावण्याचे सगळे प्रसंग दिवसा घडत राहतात. ही दोन आठवड्यांची पोकळीच नव्या निरीक्षकांना तोडते. त्यांना आधी सांगून ठेव की ती येणार आहे, पण वेळापत्रक मात्र देऊ नकोस. अल्गोलच्या तळांची तयार कोष्टके सहज मिळतात आणि मुले ती आधी पाहतात. ज्याला ठाऊक आहे की साडेअकराला तळ आहे, त्याला साडेअकराला तळ दिसतोच. त्याच्या डोळ्यांचा त्यात दोष नाही, मनाची चालच तशी आहे. पहिल्या हंगामात कोष्टक कपाटात राहू दे. मार्चमध्ये वही पूर्ण झाल्यावर ते काढावे आणि शेजारी ठेवून पाहावे. त्याच कारणाने, रात्री नोंद करताना त्याआधीची नोंद झाकून ठेवायची. मी जाड पुठ्ठ्याचा तुकडा वहीत ठेवायला सांगत असे.

चुका कुठे होतात, त्याबद्दल थोडे. अल्गोलच्या अगदी जवळ, दक्षिणेला सुमारे दोन अंशांवर, ऱ्हो ययाती नावाचा तांबूस तारा आहे. जवळ असल्यामुळे प्रत्येक नवा निरीक्षक तुलनेसाठी त्यालाच धरतो, आणि तो स्वतःच रूपविकारी आहे, 3.3 ते 4.0 प्रतींच्या दरम्यान तो सावकाश वरखाली होत असतो. त्याला तुलनेत घेतले की सगळी मोजणी डळमळते. आल्माकलाही एक खोड आहे. तो नारिंगी झाक असलेला तारा आहे आणि तशा ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिले, की तो हळूहळू अधिक उजळ भासू लागतो. म्हणून तुलना करताना रोखून पाहायचे नाही. नजर एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर भरभर फिरवायची आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच निर्णय घ्यायचा.

गोव्यात सर्वांत जास्त त्रास देते ती हवा. समुद्राकाठी दमट हवेचा आणि धुरकटपणाचा थर क्षितिजाजवळ जाड असतो आणि खाली असलेला तारा वरच्या ताऱ्यापेक्षा बराच मंद दिसतो. नोव्हेंबरच्या संध्याकाळी आल्माक आणि त्रिकोण आधीच वर आलेले असतात आणि अल्गोल व एप्सिलॉन खाली असतात. त्या वेळी आल्माकशी तुलना केली, तर अल्गोल काहीही न होता मंदावलेला भासेल. पहाटेकडे नेमके उलटे होते, आल्माक आधी खाली उतरतो. तुलनेचे तारे शक्यतो अल्गोलच्याच उंचीचे निवडावेत, आणि अल्गोल 30 अंशांच्या खाली असेल तर टिपणात तसे लिहावे. हाताची मूठ लांब धरली की ती साधारण 10 अंश व्यापते. क्षितिजापासून तीन मुठी मोजल्या की झाले. मंदावणे खरे की हवेमुळे, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. अर्ध्या तासाने तारे वर आल्यावर पुन्हा पाहायचे. हवेचा परिणाम असेल तर फरक कमी होतो, तारा खरोखर मंदावत असेल तर वाढत जातो.

जागेबद्दल म्हणशील तर पणजीतून अल्गोल तेजस्वी असताना सहज दिसतो, पण तो 3.4 वर उतरला की मिरामारच्या किनाऱ्यावरून दिव्यांच्या उजेडात तो आणि त्रिकोणाचा अल्फा दोन्ही जेमतेम हाती लागतात. पेडण्याच्या किंवा सांग्याच्या बाजूला एखाद्या मोकळ्या सड्यावर गेलीस, तर फरक लगेच कळेल. पण रोज सड्यावर जाणे होत नाही आणि "बदल नाही" अशा रात्रींसाठी त्याची गरजही नाही. त्या नोंदी घराच्या गच्चीवरून, जेवणाआधी पाच मिनिटांत होतात. लांब जायचे ते फक्त मंदावणे सुरू झाल्याचे दिसले तरच, आणि तेही घरी सांगून, दोघी-तिघींनी मिळून. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सवय मोडते. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद बांधून वही वाचावी.

आता हे सगळे कशामुळे होते, ते. गुडरिकने दोन शक्यता मांडल्या होत्या. एक तर अल्गोलभोवती एखादी काळोखी वस्तू फिरत असावी आणि ती मधे येत असावी, किंवा ताऱ्याच्या एका अंगावर डाग असून ते अंग ठरावीक काळाने आपल्याकडे वळत असावे. यांपैकी कोणती खरी, हे त्याच्या हयातीत ठरले नाही. 1786 मध्ये वयाच्या 21 व्या वर्षी तो गेला. 1889 मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे फोगेल यांनी अल्गोलच्या वर्णपटावरून दाखवले, की तो तारा त्याच आवर्तकालाने पुढेमागे हलतो आहे, म्हणजे खरोखरच त्याला एक सोबती आहे. तो सोबतीही तारा आहे, आकाराने मोठा पण थंड आणि मंद. तो पुढून जाताना तेजस्वी ताऱ्याचा बराच भाग झाकतो आणि तेव्हा आपल्याला तळ दिसतो. अर्ध्या फेरीनंतर तेजस्वी तारा त्याला झाकतो, तेव्हाही तेज किंचित घटते, पण ती घट इतकी अल्प आहे की डोळ्यांना कळणारच नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नये.

हे दोन तारे आपल्यापासून सुमारे 90 प्रकाशवर्षे दूर आहेत आणि आपल्याला ते एका ठिपक्याहून अधिक कधीही दिसणार नाहीत. तरी एका ठिपक्याच्या तेजाच्या नोंदींवरून तिथे दोघे आहेत, ते किती वेळात एकमेकांभोवती फिरतात आणि कोण कोणाला झाकतो, एवढे कळते. मी घुमटाखाली आकाशगंगा दाखवली, शनीची कडी दाखवली, लोकांचे श्वास रोखलेले ऐकले, आणि तो आनंद खरा होता. पण एका मुलीने आपल्याच वहीतल्या वेळा मोजून पुढच्या मंदावण्याची वेळ सांगितली आणि ती जुळली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मला घुमटाखाली कधी पाहायला मिळाले नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाला ते एकदा तरी मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

पाहुण्यांना बाहेर आकाश दाखवताना याचा थोडा उपयोग कर. "तो बघा अल्गोल, तो मंदावतो" असे सांगून टाकू नकोस. आल्माक आणि अल्गोल बोटाने दाखव आणि दोहोंतला उजळ कोणता, ते त्यांना विचार. उत्तर बरोबर की चूक, ते तिथे सांगायचे नाही. त्यांना वेळ लिहून घ्यायला सांग आणि दुसऱ्या दिवशी घरून पुन्हा पाहायला सांग. दहांतला एकजण पाहील, आणि तो परत येईल.

शेवटी वहीविषयी. नवी वही मी कार्यालयात ठेवली आहे आणि तिचे रकाने आखून दिले आहेत. तारीख लिहिताना दोन्ही तारखा लिहायच्या, म्हणजे 8/9 नोव्हेंबर अशी, कारण मध्यरात्रीनंतरची नोंद कोणत्या दिवसाची, हा घोळ एकदा झाला की आवर्तकालात आख्ख्या दिवसाचा फरक पडतो. वेळ भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे मिनिटापर्यंत लिहावी. त्यानंतर तुलनेचे दोन तारे आणि भाग, अल्गोलची उंची मुठींत, आकाशाची स्थिती, आणि निरीक्षकाचे नाव. ढग असल्यास "ढग" असे लिहावे. "ढग" आणि "बदल नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्या नोंदीने कोणतेही उत्तर बाद करता येत नाही. दर महिन्याच्या शेवटी त्या पानांचे फोटो मला पाठवत जा, पण तळाच्या वेळा काढून नकोत, नुसत्या मूळ नोंदी हव्यात. मीही घराच्या अंगणातून माझी वही ठेवणार आहे, आणि मार्चमध्ये आपण दोघांचे हिशेब शेजारी ठेवून पाहू. तुझी परीक्षा संपते त्याच आठवड्यात दिवाळी आहे, तेव्हा फटाक्यांचा धूर निवळू दे आणि मग पहिली नोंद कर.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
तारांगणातला काका